फोन कापायचा नाही, शॉटही नाही

गावाकडे फोन लावणारा कामगार आणि त्याच्यावरची एका सलग शॉटची सात मिनिटांची फिल्म करायची ठरली, की बहुतेक मंडळी आधी गिंबल शोधायला लागतात. पण कॅमेरा न थांबता कसा चालवायचा हा प्रश्न नंतरचा. आधी हे ठरवायला हवं, की फोनच्या पलीकडच्या टोकाला कोण बसणार? कट नसलेल्या फिल्ममध्ये वेळ आखडता येत नाही, लांबवता येत नाही आणि एखादा फसलेला क्षण झाकताही येत नाही. या सगळ्याचा ताबा तुमच्या हातात राहू शकेल अशी एकच जागा आहे, ती म्हणजे पडद्यावर कधीच न दिसणारं गावाकडचं टोक. या लेखात विठ्ठलवाडीत घडणारं एक कथानक घेऊन, त्या टोकावरून अख्खी फिल्म कशी बांधायची ते पाहू.

कथानक: तो दिसतो, तिला दिसत नाही

कल्याण पूर्वेला विठ्ठलवाडीत एसटीचं आगार आहे आणि जवळूनच कल्याण-कर्जत रेल्वेमार्ग जातो. एकीकडे एसटीचं इंजिन, दुसरीकडे लोकलचा भोंगा. आपल्या कथेला या दोन आवाजांपलीकडे फारसं काही लागत नाही.

आपला माणूस ओतूर-आळेफाट्याकडचा आहे. कल्याण पूर्वेत एका इमारतीवर सेंटरिंगचं काम करतो. दिवाळी दोन दिवसांवर आली आहे. स्लॅब भरल्याशिवाय हिशेब नाही, असं ठेकेदाराने सांगितलं आहे आणि स्लॅब परवावर गेला आहे. एकदा काँक्रीट ओतायला सुरुवात झाली की ते मध्येच थांबवता येत नाही, म्हणून मुकादमाला त्या दिवशी एकही माणूस कमी चालणार नाही. उचल आधीच घेऊन झाली आहे. थोडक्यात, तो दिवाळीला घरी जाऊ शकत नाही. तरीही पिशवी भरून तो आगारापर्यंत आला आहे, कारण निघालोय असं त्याने बायकोला सकाळीच सांगून टाकलं आहे.

फोनवर त्याला एकच वाक्य बोलायचं आहे: "येणं जमत नाही." सात मिनिटांत ते त्याच्या तोंडून एकदाही निघत नाही. ती विचारते, "अवो, बसले का गाडीत?" मागे एसटीचं इंजिन घरघरत असतं. तो म्हणतो, "बसलो." एसटी निघून जाते आणि तो जागेवरच उभा राहतो.

इथून पुढे कथेला स्वतःची गती मिळते. गाडी गेल्यावर आजूबाजूला शांतता पसरते. ती विचारते, "आवाज कसा काय बंद झाला गाडीचा?" खोटं टिकवायचं तर आता त्याला आवाज शोधायला हवा. म्हणून तो आगारातून रहदारीच्या रस्त्याकडे चालायला लागतो. त्याच्या चालण्याला कारण मिळालं, म्हणून कॅमेऱ्याच्या चालण्यालाही मिळालं. सलग शॉटच्या अनेक फिल्म इथेच फसतात. पात्र चालतं, कारण कॅमेऱ्याला चालायचं असतं. दोन-तीन मिनिटांत प्रेक्षकाच्या ते ध्यानात येतं.

फोनवरच्या नाटकाचं मर्मही याच फटीत आहे. प्रेक्षक पाहतो आणि ती फक्त ऐकते. अण्णाभाऊ साठे यांच्या 'माझी मैना' या छक्कडीत मुंबईला आलेला गडी गावी राहिलेल्या बायकोची आठवण काढतो, पण तिथे मैना उत्तर देत नाही. फोनवर ती उत्तर देते, उलट प्रश्न विचारते, आणि तिच्या प्रत्येक प्रश्नाने त्याला रस्त्यावर एक पाऊल पुढे टाकावं लागतं.

सात मिनिटांचा नकाशा

पटकथा नेहमीसारखी पानावर लिहू नका. एका कागदावर उभे तीन रकाने पाडा: मिनिट, तो कुठे आहे, ती काय विचारते. आपल्या कथेचा नकाशा साधारण असा होईल.

सुरुवातीला फोन चालूच आहे. रिंग वाजणं, खिशातून फोन काढणं हे सगळं गाळा. त्यात वेळ जातो आणि ऐन वेळी फोन न लागण्याचा धोकाही असतो. तो आगाराच्या फाटकापाशी पाठमोरा उभा आहे. पलीकडून घरातली यादी चालू आहे: आकाशकंदील आणला का, पोराला टिकल्यांचं पिस्तूल घेतलं का. याच ओघात ती एक वाक्य बोलून जाते, "घाटात रेंज नसती, घाट लागायच्या आधी एक फोन करा. दोन तास लागत्यात ना घाटाला?" हे वाक्य नीट ध्यानात ठेवा, शेवट त्याच्यावरच उभा आहे. कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाटाला पोहोचायला एसटीला सुमारे दोन तास लागतातच.

दुसऱ्या मिनिटाला एसटीचं इंजिन चालू होतं आणि "बसलो" हा शब्द येतो. अडीच मिनिटांनी गाडी जाते. पुढची वीस-पंचवीस सेकंदं शांततेची. तीन ते साडेचार मिनिटं तो रस्त्याकडे चालतो. तिथे पोरगा आईच्या हातून फोन घेतो आणि म्हणतो, "बाबा, गाडीचा आवाज ऐकव ना." तो स्पीकर चालू करतो आणि हात लांब करून फोन जाणाऱ्या ट्रककडे धरतो. पोरगा खूश होऊन काहीतरी बोलतो. पलीकडचा आवाज प्रेक्षकाला स्पष्ट ऐकू येण्याची फिल्ममधली ही एकमेव जागा.

साडेपाच मिनिटांच्या सुमारास लोकलचा लांब भोंगा येतो. फोन पुन्हा आईकडे गेलेला असतो. तो घाईने सांगतो, "बाजूनं रेल्वे चाललीय." पलीकडे ती काहीच बोलत नाही. मग म्हणते, "बरं. आता घाट लागला असंल. रेंज जाईल. ठेवा." गाडी सुटून जेमतेम तीन-चार मिनिटं झालेली आहेत आणि घाट दोन तासांवर आहे. तिला सगळं कळलंय, आणि फोन ठेवायचं निमित्त तिनेच त्याच्या हातात दिलंय.

शेवटची ओळ कुणाची हा निर्णय जाणूनबुजून तिच्या बाजूने घेतला आहे. त्याने कबुली दिली असती तर ती फक्त बातमी झाली असती. तिने सोडवणूक केली की दोघांचं नातं दिसतं.

पण मग तिचं हे शेवटचं वाक्य प्रेक्षकाला ऐकू कसं येणार? पोरगा बोलला तेव्हा लावलेला स्पीकर त्याने बंदच केलेला नाही. रहदारीच्या गोंगाटात फोन कानाजवळ धरून तो तसाच बोलत राहतो, त्यामुळे तिचे शब्द आता अस्पष्ट पण कळण्याइतके येतात. पहिल्या भागातलं तिचं घाटाचं वाक्य मात्र तो स्वतः उच्चारतो: "हो, घाटाच्या आधी करतो. दोन तास लागतील घाटाला." ऐकू न येणारी प्रत्येक महत्त्वाची गोष्ट त्याच्या उत्तरात अशी लपवून बसवावी लागते. "काय म्हणतेस? पोराला ताप आहे?" असं पोपटासारखं परत म्हणायला लावलं की मात्र खोटेपणा लगेच कळतो. प्रश्न परत म्हणू नये, त्याचं उत्तर द्यावं.

दिग्दर्शकाने घरी बसावं

फोनच्या पलीकडे खरी अभिनेत्री हवी आणि फोनही खरा चालू हवा. नटाने मुका फोन कानाला लावून पाठ केलेल्या विरामांनंतर बोलायचं, ही पद्धत रंगमंचावर खपते. कॅमेरा चेहऱ्यापासून दोन हातांवर असला की ऐकणारे डोळे आणि वाट पाहणारे डोळे यांतला फरक दिसतो.

याचं जवळचं उदाहरण म्हणजे स्टीव्हन नाइट यांचा 2013 चा 'लॉक' हा चित्रपट. गंमत म्हणजे त्यातला नायकही बांधकामावरचाच माणूस आहे, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे व्हायचं काँक्रीटचं मोठं काम सोडून तो निघाला आहे. पडद्यावर गाडी चालवणारा टॉम हार्डी सोडून कुणीच दिसत नाही. बाकीचे नट एका हॉटेलात बसून त्याला खरोखर फोन करत होते आणि अख्खी पटकथा सलग, पुन्हा पुन्हा चित्रित केली गेली. अर्थात त्या चित्रपटात कट आहेत, आपल्याला ती सोय नाही. पण फोनची युक्ती तीच.

आपण तिला एक पायरी पुढे नेऊ. अभिनेत्री आणि पोराचं काम करणारा मुलगा जवळपासच्या एका शांत खोलीत बसतील. दिग्दर्शकानेही त्यांच्या शेजारीच बसायचं, रस्त्यावर नाही. रस्त्यावर तो करणार काय? शॉट सुरू झाल्यावर नटाला हाक मारता येत नाही, हातवारे केले तर नटाचे डोळे विचलित होतात. खोलीत मात्र त्याच्या हाती एक सोय आहे. नटाच्या कानात सतत बोलणारी बाई त्याच्या शेजारी बसली आहे. दिग्दर्शकाने चिठ्ठी सरकवायची, "गाडी अजून सुटली नाही, लांबव", आणि ती पणत्यांचा विषय काढते. "पुढे चल" अशी चिठ्ठी आली की ती म्हणते, "आवाज कसा काय बंद झाला गाडीचा?" नट चालायला लागतो. प्रेक्षकाच्या दृष्टीने ते संवाद असतात, तुमच्या दृष्टीने त्या सूचना असतात.

यासाठी दिग्दर्शकाला रस्त्यावर काय चाललंय ते कळायला हवं. कॅमेरामनच्या मागे चालणाऱ्या साथीदाराच्या कानात एक हेडफोन ठेवा आणि त्याचा वेगळा फोन दिग्दर्शकाशी सुरू ठेवा. तो हळू आवाजात सांगत राहील, "दार लागलं... गाडी मागे घेतोय... निघाली." आणखी एक जण रेल्वेमार्गाजवळ, पण रेल्वेच्या हद्दीबाहेर उभा राहील आणि कल्याणकडून लोकल येताना दिसली की त्याच कॉलवर सांगेल. लोकलच्या वेळा एम-इंडिकेटरवर मिळतात, पण वेळापत्रकातलं मिनिट आणि तुमच्या शॉटचं मिनिट जुळेलच असं नाही. म्हणून दिसलेल्या गाडीवरच विश्वास ठेवा.

गाडी नेमकी ठरल्या क्षणी येणार नाही, हे धरूनच संवाद लिहायचे. नकाशात दोन जागा लवचीक ठेवा: एक एसटी सुटण्याआधी, दुसरी लोकलच्या भोंग्याआधी. त्या जागांवर अभिनेत्रीकडे आठ-दहा घरगुती प्रश्न तयार असावेत, ज्यांचा क्रम बदलला किंवा निम्मे गळले तरी कथा अडत नाही. नटाला ते आधी दाखवू नका. "शेजारची म्हैस व्याली" हे त्याने पहिल्यांदाच ऐकलं की त्याचा चेहरा आपोआप खरा वागतो. याउलट कथेला अत्यावश्यक अशी पाच-सहा वाक्यं मात्र शब्दशः ठरलेली हवीत.

फोन मध्येच तुटला तर? शॉट थांबवू नका. नटाने "हॅलो, हॅलो" म्हणत पुन्हा नंबर लावायचा आणि अभिनेत्रीने "कट झाला होता" म्हणून पुढे चालू ठेवायचं. गावी फोन करणाऱ्याला हे रोजचंच आहे. हा बेत तालमीत एकदा तरी मुद्दाम फोन तोडून करून पाहा. नटाच्या फोनमध्ये असं सिम घाला, ज्याचा नंबर टीमबाहेर कुणाकडेच नाही.

एसटी फोनमधून ऐकू येते का?

अख्खं कथानक ज्या गृहीतकावर उभं आहे ते आधी तपासायला हवं. आजचे फोन बोलणाऱ्याचा आवाज उचलतात आणि पाठीमागचा गोंगाट दाबतात. त्यासाठी त्यात एकाहून जास्त मायक्रोफोन असतात. एकसुरी आवाज, म्हणजे उभ्या एसटीच्या इंजिनाची घरघर, सगळ्यात जास्त दाबली जाते. हॉर्न, भोंगा, वाहकाची घंटी असे अचानक येणारे आवाज मात्र बऱ्यापैकी पार होतात. आवाज वेगळा करण्याची सोय चालू असेल तर तेही पुसट होतात.

म्हणून चित्रीकरणाच्या आधी एका संध्याकाळी नटाचा फोन घेऊन आगाराबाहेर उभे राहा आणि खोलीतल्या माणसाला विचारा, काय काय ऐकू येतंय? जे खरोखर पार होतं त्यावरच तिचे प्रश्न बेतायचे. इंजिन पार होत नसेल तर "गाडीचा आवाज येतोय" याऐवजी "घंटी वाजली वाटतं" असं लिहा. जुना, स्वस्त फोन वापरला तर जास्त गोंगाट पार होतो, आणि आपल्या पात्राच्या हातात तो शोभतोही.

पोरासाठी फोन ट्रककडे धरण्याची जागाही याच कारणाने काम करते. फोन तोंडापासून दूर गेला की त्याला उचलायला कुणाचा आवाजच उरत नाही आणि रस्ता थोडाफार ऐकू जातो. तरीही अभिनेत्रीने आणि मुलाने काय ऐकू आलं यावर सगळं सोपवू नये. चिठ्ठी आली की प्रतिक्रिया द्यायची, एवढंच सूत्र.

फिल्मचा आवाज वेगळा ध्वनिमुद्रित करायचा. नटाच्या शर्टाच्या आत, छातीच्या मधल्या हाडावर, छोटा कॉलर माइक चिकटवा. तोंडापासून अंतर वीतभर. पिशवीचा पट्टा खांद्यावर अजिबात नको, पट्टा माइकवर घासतो. पिशवी हातातच राहू द्या. खोलीत अभिनेत्रीच्या समोर दुसरा फोन ठेवून तिचाही आवाज स्वच्छ मुद्रित करा. दोन्ही ध्वनिफिती जुळवण्यासाठी शॉटच्या सुरुवातीला नटाचा फोन स्पीकरवर ठेवून अभिनेत्रीला एक जोरदार टाळी वाजवायला सांगा. ती टाळी नटाच्या माइकमध्येही येते आणि संकलनात दोन्ही टाळ्या एकावर एक ठेवल्या की फोनच्या ओळीतला उशीरही हिशेबात येतो. मग स्पीकर बंद करून नट कानाला फोन लावतो आणि तुमचा शॉट तिथून सुरू होतो.

कॅमेरा, उजेड आणि पावलं

चालायचं अंतर कमी ठेवा. माणूस एरवी मिनिटाला 80 मीटर सहज चालतो, पण फोनवर बोलताना तो थांबतो, वळतो, मागे येतो. त्याच्या निम्मं धरा. आपल्या नकाशात खरं चालणं दोन-अडीच मिनिटांचंच आहे, म्हणजे शंभर मीटर पुरेत. जास्त अंतर घेतलं तर नट वेळ गाठण्यासाठी चालायला लागतो आणि बोलणं मागे पडतं.

कॅमेरामनला पलीकडचं काही ऐकू येणार नाही. म्हणून नटाच्या तोंडची तीन वाक्यं त्याच्यासाठी खुणेची ठरवा. "बसलो" ऐकलं की त्याने पाठीमागून सावकाश बाजूला यायचं, म्हणजे निघून जाणारी एसटी आणि उभा राहिलेला माणूस एकाच चौकटीत दिसतात. चालायला सुरुवात झाली की समोर येऊन उलट्या पावलांनी मागे जायचं. रेल्वेचं वाक्य आलं की थांबायचं. उलटं चालताना साथीदाराने कॅमेरामनच्या कंबरेला हात लावून दिशा द्यायची. गिंबल आडवे-उभे झोल घालवतो, पण पावलाचा खालीवर होणारा हिसका घालवत नाही, त्यासाठी गुडघे वाकवूनच चालावं लागतं. रस्त्यातले खड्डे आणि झाकणं दिवसा पाहून ठेवा.

चित्रीकरण संधिप्रकाशात करायचा मोह होतो. दिवाळीच्या सुमारास आपल्याकडे सूर्य सहाच्या आसपास मावळतो आणि त्यानंतर निळा उजेड जेमतेम वीस मिनिटं टिकतो. सात मिनिटांचा शॉट, मग पुन्हा जागेवर येणं, म्हणजे फार तर दोन प्रयत्न. साडेसातनंतर सुरुवात केली तर रस्त्यावरचे दिवे तेच राहतात आणि पाच-सहा वेळा शॉट घेता येतो. सेबास्टियन शिपर यांच्या 'व्हिक्टोरिया' (2015) या दोन तासांहून मोठ्या जर्मन चित्रपटाचाही सलग प्रयत्न तीनदा झाला आणि तिसरा ठेवला गेला. सात मिनिटांच्या फिल्मला पाच प्रयत्न धरणं रास्त आहे.

मोबाइलवर चित्रण करणार असाल तर सगळं आपोआप चालू देऊ नका. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची आहे, त्यामुळे सेकंदाला 25 फ्रेम आणि शटर सेकंदाचा पन्नासावा भाग ठेवला की दिव्यांचे पट्टे दिसत नाहीत. ब्लॅकमॅजिक कॅमेरासारख्या मोफत अ‍ॅपमध्ये हे आकडे हाताने ठरवता येतात. उजेडाचं मोजमाप आगाराच्या दिव्याखालच्या नटाच्या चेहऱ्यावर करून ते बंद करून टाका, रंगाचं संतुलनही बंद करा. नाहीतर एसटीचे दिवे अंगावर आले की अख्खं चित्र काळं होतं आणि गाडी गेल्यावर पुन्हा उजळतं. मुख्य लेन्सच वापरा, रुंद लेन्स रात्री दाणेदार चित्र देते. आणि ज्या मोबाइलवर चित्रण चालू आहे तो विमान मोडवर टाका. फोनवरची फिल्म दुसऱ्याच फोनमुळे थांबण्याइतका वाईट विनोद नाही. 4के चित्रणात एका शॉटला तीन जीबीपर्यंत जागा लागू शकते, तेव्हा वीस जीबी मोकळी ठेवून निघा.

परवानगी आणि बघे

आगाराच्या आवारात चित्रण करायचं तर एसटी महामंडळाची लेखी परवानगी लागते. विठ्ठलवाडी आगार ठाणे विभागात येतं. आगार व्यवस्थापकांना आधी भेटा, अर्ज पुढे कुठे जातो ते तिथेच कळेल. ते जमत नसेल तर नकाशा फाटकाबाहेर सरकवा: गाडी बाहेर पडताना मागे दिसली तरी कथेला पुरते. रेल्वेच्या हद्दीत मात्र पाऊल टाकू नका. स्थानकात चित्रणाला वेगळी परवानगी लागते आणि रुळांवर जाणं हा 1989 च्या रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली गुन्हा आहे. आपल्याला रेल्वेचा फक्त भोंगा हवाय, तो बाहेरून ऐकू येतो.

रस्त्यावरचे लोक कॅमेऱ्याकडे पाहतील. ते पूर्ण टाळता येत नाही, पण कॅमेऱ्याच्या पुढे पंधरा पावलांवर एक साथीदार मोठ्याने फोनवर बोलत चालला तर निम्म्या नजरा तिकडे जातात. दोन-तीन संध्याकाळी नुसतीच तालीम करा, तिसऱ्या दिवशी चहावाल्याला तुमचं नावीन्य राहत नाही. ज्यांचा चेहरा जवळून आणि ओळखू येईल असा दिसणार आहे त्यांना आधी विचारा.

शेवटचा एक आधार हाताशी ठेवा. एसटी कॅमेऱ्यासमोरून जाताना दोन सेकंद पूर्ण चौकट भरून टाकेल अशी जागा निवडा. पाचपैकी एकाही प्रयत्नात सगळं जुळलं नाही, तर दोन प्रयत्न तिथे जोडता येतात. सॅम मेंडिस यांच्या '1917' (2019) मध्येही असेच सांधे लपवले आहेत. मात्र मग दोन्ही प्रयत्नांत "बसलो" एकाच जागी, एकाच सुरात आलं पाहिजे.

कोणता प्रयत्न निवडायचा

सगळे प्रयत्न एकदम पाहू नका, नाहीतर डगमगलेला कॅमेरा आणि मध्येच आलेला कुत्रा एवढंच डोळ्यांत भरेल. प्रत्येक प्रयत्नाच्या दोन चाचण्या घ्या. पहिल्यांदा चित्र बंद करून पहिल्या पाच मिनिटांचा आवाज अशा माणसाला ऐकवा, ज्याला कथा माहीत नाही. आपला माणूस गाडीत बसलाय असं त्याला वाटलं पाहिजे. मग आवाज बंद करून तेवढंच चित्र दुसऱ्या अनोळखी माणसाला दाखवा. आपला माणूस गाडीत बसला नाही आणि घरी जाणार नाही, हे त्याला कळलं पाहिजे.

पहिली चाचणी फसली तर दोष संवादांत किंवा आवाजात आहे, त्यासाठी खोलीतल्या टोकाची पुन्हा तालीम घ्या. दुसरी फसली तर दोष कॅमेऱ्याच्या जागेत आहे, बहुधा एसटी जाताना माणूस चौकटीबाहेर राहिलेला असतो. ज्या प्रयत्नात दोन्ही अनोळखी माणसं एकमेकांच्या उलट सांगतील, तो प्रयत्न ठेवा, मग त्यात कॅमेरा एकदा हलला असला तरी चालेल.